परदेशी कार्डावरच्या वर्गण्या: आधी काय बंद करायचे, शेवटी काय

परदेशातला मुक्काम संपवून परतणाऱ्या कुटुंबाच्या मागे सर्वांत चिवटपणे काही राहत असेल, तर त्या आपोआप पैसे कापून घेणाऱ्या वर्गण्या. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पुण्याला परतणाऱ्या घराचे उदाहरण घेऊ. भाड्याचे घर सोडलेले असते, गाडी विकलेली असते, सामान जहाजाने निघालेले असते. तरीही सिनेमाचे अ‍ॅप, क्लाउडवरची जागा, जिम, गाडीचा टोल टॅग आणि वर्तमानपत्राची ऑनलाइन वर्गणी हे सारे तीन गोष्टींना बांधलेले असते: अमेरिकी क्रेडिट कार्ड, एडिसनचा पत्ता आणि अमेरिकी फोन क्रमांक. या तीन गाठी कोणत्या क्रमाने सोडवल्या यावर पुढचा मनस्ताप ठरतो. बहुतेक जण कार्डापासून सुरुवात करतात. खरे तर कार्डाची पाळी बरीच नंतर यायला हवी.

कार्ड बंद केले की सगळे आपोआप थांबेल, ही समजूत दोन कारणांनी फसते. पहिले कारण कार्डाच्या यंत्रणेतच आहे. व्हिसाची ‘अकाउंट अपडेटर’ आणि मास्टरकार्डची ‘ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर’ ही सेवा अशासाठीच असते, की बँकेने ग्राहकाला नवे कार्ड दिले तर नवा क्रमांक आणि नवी मुदत, या सेवेत सामील असलेल्या विक्रेत्यांपर्यंत थेट पोचावी. त्यामुळे कार्ड हरवले, मुदत संपली किंवा गैरवापराच्या संशयावरून बँकेने ते बदलले, तरी वर्गणी नव्या क्रमांकावर सुखरूप चालू राहते. नवे प्लास्टिक कार्ड मात्र टपालाने एडिसनच्या जुन्या घरी जाऊन पडते. म्हणजे कार्डाच्या मालकाच्या हाती नसलेल्या कार्डावर पैसे कापले जात असतात.

दुसरे कारण कराराचे आहे. खातेच बंद केले, तर विक्रेत्याची पैशांची मागणी बँक बहुधा फेटाळते, पण त्याने वर्गणीचा करार मोडत नाही. जिमच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या वहीत ते थकलेले बिल असते. काही महिन्यांनी ते वसुली करणाऱ्या एजन्सीकडे जाऊ शकते आणि तिची पत्रेही जुन्याच पत्त्यावर जातात. अशी नोंद अमेरिकी क्रेडिट अहवालात सात वर्षांपर्यंत राहू शकते. पुन्हा तिकडे नोकरीला जायचे असेल किंवा मुलांना शिकायला पाठवून त्यांच्यासाठी घर भाड्याने घ्यायचे असेल, तेव्हा ती आडवी येते. म्हणून वर्गणी आधी विक्रेत्याकडे रद्द करायची आणि तिचा शेवटचा हिशेब चुकता होईपर्यंत कार्ड जिवंत ठेवायचे.

सुरुवात यादीपासून होते, आणि ती आठवणीतून केली तर हमखास अपुरी राहते. कार्डाची मागच्या तेरा महिन्यांची स्टेटमेंट उतरवून घ्यावीत. बारा नव्हे, तेरा. कारण वार्षिक वर्गणीची तारीख एखाद-दोन दिवसांनी मागेपुढे झाली, तर ती बारा महिन्यांच्या चौकटीतून निसटते. समजा, एडिसनच्या या कुटुंबाला आठवणीतून सात वर्गण्या सुचल्या. स्टेटमेंट चाळल्यावर त्या अकरा निघतात. वाढलेल्या चारही वार्षिक असतात: घाऊक दुकानाचे सभासदत्व, संगणकाचा अँटिव्हायरस, पासवर्ड सांभाळणारे अ‍ॅप आणि घरच्या छोट्या वेबसाइटचे नाव. अँटिव्हायरसची तारीख नऊ नोव्हेंबर. जूनमध्ये परतलेल्या माणसाला नोव्हेंबरपर्यंत ती आठवण्याचे काही कारणच नसते. फोनवरच्या अ‍ॅपच्या वर्गण्या स्टेटमेंटवर अ‍ॅपल किंवा गुगल एवढ्याच नावाने येतात. त्या कोणत्या ते कळण्यासाठी फोनच्या सेटिंगमधली सबस्क्रिप्शनची यादी वेगळी पाहावी लागते. बँक खात्यातून थेट वळती होणारी किंवा डेबिट कार्डावरची रक्कमही वेगळी शोधावी.

यादी हाती आली की पुढचा अडसर फोनचा. रद्द करण्यासाठी लॉगिन करावे लागते आणि लॉगिनचा कोड अमेरिकी क्रमांकावर येतो. विमानात बसण्यापूर्वीच फोन कंपनीचा प्लॅन बंद केला, तर पुण्यात बसून बँकेच्याही खात्यात शिरता येत नाही. हा क्रमांक किमान काही महिने टिकवण्याचे दोन मार्ग रुळलेले आहेत. एक म्हणजे तोच क्रमांक स्वस्तातल्या प्रीपेड प्लॅनवर ई-सिमने घ्यायचा आणि घरच्या वायफायवरून चालवायचा. दुसरा म्हणजे तो गुगल व्हॉइसवर हलवायचा. मोबाइल क्रमांक हलवायला वीस डॉलर एकदाच लागतात, पण हे काम अमेरिकेत असतानाच उरकावे. शिवाय काही बँका अशा इंटरनेटवरच्या क्रमांकांना कोड पाठवत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक बँकेचा कोड येतो का, हे पाहूनच त्यावर विसंबावे. जिथे सोय असेल तिथे फोनवरच्या कोडऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावून ठेवणे सर्वांत भरवशाचे. ईमेलचा पत्ता इंटरनेट कंपनीने किंवा नोकरीच्या ठिकाणी दिलेला असेल, तर तोही याच टप्प्यावर बदलावा. सेवा संपली की तो पत्ताही हातचा जाऊ शकतो.

आता एकेक वर्गणी. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक सेवा खात्यात शिरून पाच मिनिटांत रद्द होतात. अमेरिकेत 2010 च्या ‘रिस्टोअर ऑनलाइन शॉपर्स कॉन्फिडन्स अ‍ॅक्ट’नुसार, इंटरनेटवर विकलेली आपोआप चालू राहणारी सेवा थांबवण्याची सोपी सोय देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. रद्द झाल्याचा ईमेल आला नाही, तर काम झाले असे समजू नये. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो तारखेसह ठेवावा, कारण पुढे वाद झाला तर तोच पुरावा. फोनवरूनच रद्द होणाऱ्या सेवांसाठी वेळेचे गणित असते. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. तिकडचे टोल-फ्री क्रमांक भारतातून बऱ्याचदा लागत नाहीत. इंटरनेटवरून फोन करणारे अ‍ॅप किंवा कंपनीची चॅटची खिडकी जास्त कामाची.

जिमचे प्रकरण वेगळे आणि सर्वांत किचकट. करारात बहुधा लेखी सूचना, तीही नोंदणीकृत टपालाने, असे कलम असते आणि नुसता ईमेल चालत नाही. मात्र न्यू जर्सीसह अनेक राज्यांच्या कायद्यात, सभासद जिमपासून 25 मैलांपेक्षा दूर कायमचा राहायला गेला तर करार मुदतीआधी सोडण्याची मुभा आहे. पुणे त्या कसोटीत आरामात बसते. भाडेकरार संपल्याचा कागद आणि भारतातल्या नव्या पत्त्याचा पुरावा जोडून पत्र निघण्याच्या महिनाभर आधी तिथूनच टाकले, तर पोचपावती हातात घेऊन विमानात बसता येते. इंटरनेट कंपनीचे मोडेम परत केल्याची पावतीही तशीच जपावी. ती नसेल, तर यंत्राची किंमत शेवटच्या बिलात लागू शकते. टोल टॅगच्या खात्यात शिल्लक कमी झाली की कार्डावरून आपोआप भर पडते. म्हणून गाडी विकताच खाते बंद करून टॅग परत पाठवावा आणि खात्यातून त्या गाडीची नंबरप्लेटही काढून टाकावी.

अ‍ॅपल आणि गुगलच्या खात्यांत गुंता देशाचा असतो. अ‍ॅपलच्या खात्याचा देश अमेरिकेवरून भारत करायचा, तर चालू वर्गण्या रद्द करून त्यांची भरलेली मुदत संपू द्यावी लागते आणि खात्यातली शिल्लकही खर्चावी लागते. वार्षिक वर्गणी मार्चमध्ये भरली असेल, तर जूनमध्ये देश बदलू पाहणाऱ्याला पुढच्या मार्चपर्यंत थांबण्याची वेळ येते. म्हणून परतण्याचे वर्ष ठरले की वार्षिक वर्गण्या मासिक करून घेणे शहाणपणाचे. गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. नेटफ्लिक्सचे बिल रुपयांत हवे असेल, तर जुनी वर्गणी रद्द करून तिची मुदत संपल्यावर भारतातून नव्याने सुरू करावी लागते.

पत्ता बदलण्याची वेळ याच्यानंतर येते, आणि त्यालाही कारण आहे. अमेरिकी विक्रेते पैसे घेताना कार्डाच्या पत्त्यातला घर क्रमांक आणि पाच अंकी झिप कोड बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहतात. बँकेत कोथरूडचा पत्ता आणि सहा अंकी पिन कोड गेला, पण विक्रेत्याकडे एडिसनचाच झिप राहिला, की शेवटचे बिल अडकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे शेवटच्या रकमा चुकत्या झाल्या की लगेच बँकेला खरा पत्ता कळवावा; हे लांबवू नये. दरम्यान, टपाल खात्याकडे पत्ताबदलाचा अर्ज करून टपाल अमेरिकेतल्या ओळखीच्या घरी वळवता येते. पत्रे बारा महिने वळवली जातात, मासिके मात्र साठच दिवस.

एवढे करूनही एखादी वर्गणी कापली गेलीच, तर मुदती लक्षात ठेवाव्यात. क्रेडिट कार्डावरच्या चुकीच्या आकारणीबद्दल लेखी तक्रार, ती आकारणी असलेले स्टेटमेंट बँकेने पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेकडे पोचावी लागते. बँक खात्यातून थेट वळती होणारी रक्कम थांबवायची, तर ठरलेल्या तारखेच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी बँकेला सांगावे लागते. तोंडी सांगितले, तर बँक चौदा दिवसांत लेखी मागू शकते. म्हणून स्टेटमेंट कागदावर नव्हे, ईमेलवर यावे आणि दर महिन्याला उघडले जावे. भारतीय कार्डाची सवय असलेल्यांना इथे फरक जाणवतो. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नियमांमुळे इथे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी येते. अमेरिकी कार्डावर तशी सूचना येईल असे धरून चालू नये.

यादीतल्या अकराही नावांपुढे रद्द झाल्याचा पुरावा आला, की लागोपाठ दोन स्टेटमेंट कोरी येण्याची वाट पाहावी. वार्षिक वर्गण्यांसाठी त्यांची तारीख उलटून जाईपर्यंत थांबणे बरे. या कुटुंबाला नऊ नोव्हेंबर ओलांडायचा असतो. त्यानंतर कार्ड बंद करावे. उशिरा आलेला एखादा परतावा त्या खात्यात जमा झाला, तर लेखी मागणी केल्यावर बँकेने सात कामकाजी दिवसांत तो परत करायचा असतो. मात्र तो डॉलरच्या चेकने जुन्या पत्त्यावर निघू नये, यासाठी अमेरिकेतले बँक खाते तोवर चालू ठेवावे. परदेशात राहत असताना उघडलेले खाते परतल्यावरही ठेवण्याची मुभा ‘फेमा’च्या कलम 6(4) मध्ये आहे. परतावा जमा झाला, बँकेच्या लॉगिनला जुन्या क्रमांकाची गरज उरली नाही, की मग तो फोन क्रमांक सोडून द्यावा.