मन आणि शरीर – लेखांक ९ : वॉर्डात तंबाखू सोडवताना

मनोविकार वॉर्डात तंबाखूला बंदी असते, निदान कागदावर तरी. दारावर पाटी असते, दाखल होताना खिशातली बिडी-काडी काढून घेतली जाते आणि आपण तंबाखू सोडवली असे सगळे धरून चालतात. या लेखात मी याच्या उलट म्हणणे मांडणार आहे. नुसती बंदी म्हणजे उपचार नव्हे, आणि उपचाराची जोड नसेल तर तीच बंदी रुग्णाच्या बाकीच्या उपचारांत घोळ घालू शकते. स्किझोफ्रेनियासारखा गंभीर आजार असलेल्या माणसांचे आयुष्य इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षांनी कमी भरते. ही वर्षे बरीचशी हृदयविकार आणि फुप्फुसाचे आजार यांत जातात, आणि त्यांमागे तंबाखूचा हात मोठा असतो. तरीही ती सोडवणे हे मानसोपचाराचे काम मानले जात नाही. ते का मानायला हवे, हे एका औषधाच्या उदाहरणावरून नीट समजते.

क्लोझापिन हे औषध इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर वापरतात. यकृतातील सीवायपी१ए२ नावाचे विकर त्याचा निचरा करते. जळत्या तंबाखूच्या धुरातील काही हायड्रोकार्बनांमुळे या विकराचे काम वाढते. त्यामुळे बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून औषध लवकर निघून जाते आणि त्याला जास्त मात्रा लागते. आता चाळिशीतला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. रोज बिडीचे एक बंडल आणि क्लोझापिन ४०० मिलिग्रॅम, असे त्याचे घरी बसलेले गणित आहे. वॉर्डात बिडी बंद होते. विकराचा वाढीव जोर दीड-दोन दिवसांत निम्म्यावर येतो आणि आठवड्याभरात जवळजवळ ओसरतो. गोळ्या तेवढ्याच राहतात, पण रक्तातील औषध दीडपट होऊ शकते, काहींत त्याहूनही अधिक. रुग्ण दिवसा पेंगतो, उशी लाळेने भिजते, उठताना चक्कर येते, शौचाला होत नाही. पातळी फारच चढली तर फिट येते. गुंगी पाहून ‘आजार शांत झाला’ असा समज होण्याची भीती इथेच असते. म्हणून दाखल होतानाच औषधाची रक्तपातळी तपासावी, पहिल्या आठवड्यात मात्रा टप्प्याटप्प्याने साधारण पाऊणपट करावी आणि आठवड्याने पातळी पुन्हा पाहावी. ओलान्झापिनच्या बाबतीतही असेच होते, पण कमी प्रमाणात.

इथे एक गैरसमज वरचेवर आढळतो. निकोटिनची पट्टी लावली म्हणजे क्लोझापिनची पातळी जागेवर राहील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण विकराला चेतवतो तो धूर, निकोटिन नव्हे. म्हणूनच महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारायला हवा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. मशेरी लावणारी किंवा चुना-तंबाखू मळून खाणारी व्यक्ती तंबाखू सोडते तेव्हा क्लोझापिनची मात्रा कमी करण्याचे कारणच नसते. उलट ती उगाच उतरवली तर आजार उफाळेल. केसपेपरवर ‘तंबाखू : होय’ एवढीच नोंद पुरत नाही. काय, कशी आणि उठल्यावर किती वेळात, हे लिहिले पाहिजे.

हा शेवटचा प्रश्न व्यसनाची खोली सांगतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल, तर बंद केल्यावर चिडचिड, अस्वस्थ येरझाऱ्या आणि झोपमोड ही लक्षणे काही तासांतच सुरू होतात आणि पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतात. वॉर्डात हीच लक्षणे आजाराची म्हणून वाचली जातात आणि गुंगीचे इंजेक्शन दिले जाते. म्हणून पट्टी पहिल्याच दिवशी लागायला हवी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमची लावतात. ती दिवसभर तळ सांभाळते, आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी सोबत निकोटिनचे च्युइंगम लागते. ते तंबाखूसारखे चघळून रस गिळला तर उचकी लागते आणि मळमळते. चव झणझणली की ते गालात ठेवायचे, चव ओसरली की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास चालवायचे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषले जात नाही. हे शिकवणारी परिचारिका समुपदेशनाचेच काम करत असते. एकाग्रता कमी असलेल्या रुग्णाशी तासभर बोलून उपयोग नसतो. रोज दहा मिनिटे पुरतात. तलफ कधी येते (चहानंतर, रिकाम्या दुपारी, की आवाज ऐकू आल्यावर), हे त्याच्याकडूनच काढून घ्यायचे आणि त्या प्रत्येक वेळेला काय करायचे ते ठरवायचे.

अशा उपचारावर तीन आक्षेप घेतले जातात. तंबाखू सोडवण्याच्या औषधांनी आजार बिघडेल, हा पहिला आक्षेप. व्हॅरेनिक्लिनबद्दल ही भीती दीर्घकाळ होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल्स’ चाचणीत आठ हजारांहून अधिक लोक होते आणि त्यांपैकी निम्म्यांना मानसिक आजार होता. व्हॅरेनिक्लिनने गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचे त्यात दिसले नाही आणि तंबाखू सुटण्यात तेच सर्वांत सरस ठरले. अर्थात तीत घेतलेल्या रुग्णांचा आजार स्थिर होता. तीव्र अवस्थेतील रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. ब्यूप्रोपिऑनने फिटची शक्यता वाढते, म्हणून क्लोझापिनसोबत ते टाळलेलेच बरे. बिडी काढून घेतली तर वॉर्डात हाणामाऱ्या होतील, हा दुसरा आक्षेप. दक्षिण लंडनच्या मॉड्स्ली संस्थेत धूम्रमुक्त धोरण आल्यानंतर शारीरिक हल्ले ३९ टक्क्यांनी घटले. एका संस्थेचा अनुभव सगळीकडे लागू होईल असे नाही, पण भडका उडेलच हे गृहीतक त्यापुढे टिकत नाही. शिवाय बिडी मागणे, नाकारणे आणि बक्षीस म्हणून देणे हेच अनेक भांडणांचे मूळ असते.

‘या लोकांना सोडायचीच नसते’ हा तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत एका धूम्रमुक्त मनोविकार वॉर्डात २२४ रुग्णांवर चाचणी झाली. सोडण्याची इच्छा असलीच पाहिजे, अशी तिची अट नव्हती. एका गटाला प्रत्येकाच्या तयारीनुसार समुपदेशन आणि घरी गेल्यावर दहा आठवडे निकोटिनचा पुरवठा मिळाला. अठरा महिन्यांनी या गटातील २० टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटातील ७.७ टक्के. यश माफक आहे आणि ते तसेच सांगितले पाहिजे, कारण पाचांपैकी चौघे पुन्हा ओढत होते. पण दोन्ही गटांना वॉर्डात बंदी सारखीच होती. फरक पडला तो उपचाराने, आणि तो डिस्चार्जनंतरही चालू राहिल्याने.

म्हणून वॉर्डातली खरी कसोटी डिस्चार्जच्या दिवशी लागते. आपला तो रुग्ण आता ३०० मिलिग्रॅमवर स्थिर आहे. घरी जाऊन त्याने पुन्हा बंडल घेतले, तर आठवड्याभरात रक्तातील औषध अपुरे पडेल आणि महिन्याभरात तो परत दाखल होऊ शकेल. तेव्हा नातेवाईक ‘गोळ्या वेळेवर देत होतो’ म्हणतील, आणि ते खरेही असेल. डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी हव्यात : ही मात्रा धूम्रपान बंद असताना ठरवलेली आहे, बिडी सुरू झाली तर न लपवता त्याच आठवड्यात येऊन पातळी तपासून घ्या, पट्टी आणि च्युइंगम अमुक तारखेपर्यंत चालू ठेवा. बिडी सुरू झाल्याचे सांगणाऱ्याला रागावले, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही आणि मात्रा अंदाजावरच ठरेल.

(पुढील लेखांकात : मनोविकारावरील औषधे आणि वाढणारे वजन)