शेवट न फोडता पुस्तकाच्या मागच्या पानावर काय लिहायचं?

दुकानात पुस्तक हातात घेतलं की आपण कव्हर बघतो, मग ते उलटं करतो. मागच्या बाजूच्या या मजकुराला ब्लर्ब म्हणतात, मराठीत पाठराखण. शंभर-दीडशे शब्दांत वाचकाला पकडायचं, पण शेवट सांगायचा नाही. मग गोष्ट कुठपर्यंत सांगायची?

अगाथा ख्रिस्तीची 1939 सालची कादंबरी घेऊ, 'अँड देन देअर वेअर नन'. तिची पाठराखण बऱ्याचदा अशी लिहिली जाईल: 'खून, संशय आणि विश्वासघाताची थरारक कहाणी. शेवटचा धक्का तुम्हाला हादरवून टाकेल!'

यात दोन चुका आहेत. पहिलं वाक्य कुठल्याही रहस्यकथेला चिकटवता येतं. दुसरी चूक जास्त महागात पडते. शेवटी धक्का आहे हे सांगणं म्हणजे अर्धा शेवट फोडणंच. वाचक पहिल्या पानापासून सगळ्यांवर संशय घेत बसतो आणि धक्क्याचा जोर जातो.

आता हे वाचा:

'दहा अनोळखी माणसं एका बेटावर येतात. आमंत्रण देणारा यजमान मात्र तिथे नाहीच. जेवण झाल्यावर ग्रामोफोनमधून एक आवाज येतो आणि दहाही जणांवर एकेक करून खुनाचा आरोप करतो. बेटावरून निघायला होडी नाही. आणि त्याच रात्री पहिला माणूस मरतो.'

इथे आधी माणसं आणि जागा येते, मग काहीतरी बिनसतं आणि सुटकेचा रस्ता बंद होतो. हे सगळं कादंबरीच्या सुरुवातीच्या काही प्रकरणांतच घडतं. म्हणजे पुढची जवळपास सगळी गोष्ट शाबूत राहते. पाठराखण थांबवायची जागा हीच: अडचण पक्की झाली, पण त्यावर कुणी काही केलेलं नाही. साधारण पहिल्या पाव भागापलीकडचं काही घ्यायचं नाही.

दहा जणांची नावंही दिलेली नाहीत. दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात एक-दोन नावंच राहतात. इथे नावांपेक्षा 'दहा' हा आकडा जास्त काम करतो.

रहस्य नसलेल्या कादंबरीतही हेच चालतं. तिथे खुनाऐवजी एखादा निर्णय असतो. तो का घ्यावा लागतोय ते सांगा, काय ठरलं ते नको.

लिहून झालं की पुस्तक न वाचलेल्या मित्राला दाखवा आणि विचारा, 'शेवटी काय होईल?' त्याने बरोबर ओळखलं, तर शेवटची एक-दोन वाक्यं कापा. 'कशाबद्दल आहे हे?' असं त्यानेच विचारलं, तर तपशील कमी पडलाय. आणि तो 'मग पुढे?' म्हणाला, तर आता एकही शब्द वाढवू नका.