जाळीवरचा टाका कशाला धरून बसतो?

नेटच्या ओढणीवर मशीनने पान भरायला घेतलं, की अडचण लगेच समोर येते. साध्या कापडात टाक्याला धरायला उभे-आडवे धागे असतात. नेटमध्ये भोकंच जास्त. सुई भोकात उतरली, की वरच्या आणि बॉबिनच्या दोऱ्याची गाठ अधांतरी पडते, जरा ताण आला की सरकते आणि जाळी चुणते.

म्हणून नेटखाली पाण्यात विरघळणारं स्टॅबिलायझर लावतात. बाजारात ते दोन प्रकारचं मिळतं. प्लॅस्टिकसारखी पारदर्शक फिल्म टॉवेलवर ठीक. नेटखाली मात्र दाट टाके पडले, की सुईच्या भोकांच्या रेघेवर ती फाटते. कापडासारखा दिसणारा प्रकार घ्यावा, तोही दुहेरी. दोन्ही एकत्र रिंगमध्ये बसवताना स्टॅबिलायझर ताठ हवं, नेट नुसतं सपाट. भोकं लांबट दिसू लागली, तर नेट ताणलं गेलंय असं समजावं. रिंग काढली, की ते मूळ आकाराला येतं आणि पान आक्रसतं.

पण हा आधार धुण्यापुरताच. नंतर टाक्यांना एकमेकांनाच धरावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनमध्ये रेशमी कापडावर सुती दोऱ्याने भरून, मग ते रेशीम रसायनाने विरघळवून लेस बनवत. तिथे तर मागे जाळीही उरत नसे! टाक्यांची ती गुंफण नेटवरही लागते.

समजा, पान तीन सेंटिमीटरचं आहे. आधी कडेने आणि मधल्या शिरेवर साधी धावदोऱ्याची रेघ दोनदा फिरवायची. मग कडेपासून शिरेपर्यंत एकमेकींना छेदणाऱ्या विरळ रेघा घालायच्या, प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना अडकलेली. शेवटी कडेवर दोन मिलिमीटर रुंदीचा सॅटिन टाका, म्हणजे रेघांची टोकं त्याखाली बंद होतात. सॅटिनच्या टाक्यांत कापडावर साधारण 0.4 मिलिमीटर अंतर ठेवतात, इथे 0.5 पुरे. दोरा नेहमीच्या 40 नंबरऐवजी बारीक, 60 नंबरचा. सुई 65 किंवा 70. मागची बाजू आरपार दिसते, म्हणून बॉबिनलाही त्याच रंगाचा दोरा. जाड कापडासाठी केलेलं गच्च भरलेलं डिझाइन नेटवर घालूच नये, जाळी तुटते. सुटे ठिपकेही टाळावेत. त्यांना शेजारी आधार नसतो, ते धुतल्यावर सुटतात.

एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेले दोरे धुण्याआधीच कापावेत. तोवर नेट स्टॅबिलायझरवर घट्ट असतं, कात्रीत जाळी सापडण्याची भीती कमी.

मग कडेचं जादा स्टॅबिलायझर कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवावं आणि पाणी बदलावं. बोटांना बुळबुळीत लागतंय तोवर ते पुरतं गेलेलं नाही. उरलं, तर वाळल्यावर तो भाग ताठ होतो. उभ्या कॉलरला ते चालतं, ओढणीची झोळ मात्र बिघडते. पिळू नये, टॉवेलवर सपाट पसरून वाळवावं. नेट नायलॉनचं असेल, तर इस्त्री अगदी मंद, आणि तीही वर सुती फडकं ठेवूनच.