लग्नाचे हजारो फोटो निवडताना माऊस बाजूला ठेवा

नांदेडला निकाह आणि दुसऱ्या दिवशी लातूरला वलीमा, दोन छायाचित्रकार, दोन कॅमेरे. अशा एका कामाचे ३,६०० फोटो संगणकावर उतरले असे धरू. प्रत्येक फोटो माऊसने उघडून, पाहून, खूण करायला पाच सेकंद लागले, तर नुसत्या निवडीत पाच तास जातात. हेच काम कळफलकावरून दोन सेकंदांत होत असेल, तर दोन तासांत संपते. लग्नसराईत एकामागून एक तारखा लागलेल्या असतात, त्या वेळी हे तीन तास फार मोलाचे असतात.

पुष्कळ स्टुडिओंत वापरला जाणारा लाइटरूम क्लासिक हा प्रोग्राम घेऊ. फोटो आयात करताना `Embedded & Sidecar` हा पर्याय निवडावा. म्हणजे कॅमेऱ्याने फोटोसोबत ठेवलेली तयार प्रतिमा लगेच पडद्यावर येते, थांबावे लागत नाही. मग `E` दाबून एक फोटो मोठा करावा आणि `Caps Lock` चालू करावे. आता `P` दाबले की फोटो पसंत, `X` दाबले की नापसंत, आणि दोन्ही वेळा पुढचा फोटो आपोआप समोर येतो. निर्णय होत नसेल तर खूण न करता उजवा बाण दाबून पुढे जावे. चुकीची खूण झाली तर डाव्या बाणाने मागे येऊन `U` दाबावे, खूण निघते. डोळे मिटले आहेत की उघडे, हे पाहायला `Z` ने फोटो मोठा होतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. `P` दाबल्यावर सवयीने बाणही दाबला जातो आणि मधला एक फोटो न पाहताच सुटतो. म्हणून पहिली फेरी संपल्यावर चाळणी लावून फक्त बिनखुणेचे फोटो पाहावेत. त्यात उघड चांगले किंवा उघड वाईट फोटो मधून मधून दिसू लागले, तर बोट दोनदा पडत होते असे समजावे.

पहिल्या फेरीत प्रश्न एकच ठेवावा: फोटो कामाचा आहे की नाही? फ्लॅश लागला नाही, चेहरा हलला, मध्ये कोणाची पाठ आली, एवढ्यालाच `X`. वयोवृद्ध नाना किंवा दूरच्या फुफींचा संपूर्ण लग्नात एकच फोटो असतो. तो जरा अंधुक असला तरी नापसंतीत टाकू नये, कारण घरचे लोक आधी तोच शोधतात. आमच्या उदाहरणात समजा ९०० पसंत, १,१०० नापसंत आणि १,६०० बिनखुणेचे निघाले, तर या १,६०० मधून अशी माणसे वेचायला एक धावती फेरी जरूर करावी.

तारे दुसऱ्या फेरीसाठी. फक्त पसंत फोटो समोर ठेवून `1` ते `5` हे आकडे दाबायचे. अल्बमच्या पूर्ण पानाचा फोटो असेल तर पाच, एरवी अल्बमात घेण्याजोगा असेल तर चार, आणि बाकीच्यांना तीन पुरेत. कुटुंबाच्या ग्रुपचे सहा-सात सारखे फोटो असले की ते निवडून `N` दाबावे. सगळे शेजारी शेजारी दिसतात, आणि कोणात कोणाचे डोळे मिटले ते एका नजरेत कळते.

जनानखान्याचे फोटो वेगळे ठेवणे ही आपल्याकडे विश्वासाची बाब आहे. `G` ने सगळे लहान फोटो पडद्यावर आणावेत, त्या दालनाचा पहिला फोटो निवडून `Shift` धरून शेवटच्यावर क्लिक करावे आणि `6` दाबावे. सर्वांवर लाल खूण बसते. प्रयोगशाळेकडे किंवा जाहिरातीसाठी फोटो काढताना लाल खुणेचे आधी बाजूला काढता येतात. मात्र लगेच `Ctrl+D` ने निवड सोडावी. ती तशीच राहिली आणि त्या दृश्यात `X` दाबले गेले, तर तीनशे फोटो एकदम नापसंत होतात. तसे झालेच तर ताबडतोब `Ctrl+Z`.

दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक असला, तर निकाहनाम्यावरील सही आणि मुबारकबादीच्या गळाभेटी उलटसुलट येतात. निवडीला बसण्यापूर्वीच एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून `Edit Capture Time` ने वेळ जुळवावी.

कळा अचानक चालेनाशा झाल्या, तर अल्बमवर नावे लिहिताना लावलेले मराठी टायपिंग तसेच राहिले आहे का, ते आधी पाहावे.

नापसंत फोटो `Ctrl+Backspace` ने एकदम काढता येतात, पण तिथे `Delete from Disk` निवडले की मूळ फाईलही जाते. म्हणून दुसऱ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय, आणि वधू-वर दोन्ही घरांनी अल्बम पाहून होकार दिल्याशिवाय, त्या बटणाला हात लावू नये.