दाणे, चिक्की आणि शाळेच्या भिंतीवरचा एक कागद

आमच्या बचत गटाकडे गावातल्या शाळेच्या पोषण आहाराचं काम आहे. दुसरीतल्या एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असं तिच्या आईनं सांगितलं, तेव्हा आम्ही एवढंच ठरवलं, की भाजीत कूट घालायचं नाही. पण दाणे फक्त आमच्या पातेल्यातूनच येतात असं थोडंच आहे! म्हणून चुकून पोटात गेले तर काय करायचं, हे बालरोगतज्ज्ञांकडून एका कागदावर लिहून घेतलं. एक प्रत वर्गात, एक स्वयंपाकघरात आणि एक आईकडे.

कागदावर वरती मुलीचा फोटो, वजन २० किलो, आईचा फोन आणि १०८ हा नंबर. खाली दोन चौकटी.

पहिली चौकट सौम्य त्रासाची. अंगावर गांध्या, ओठांना खाज किंवा सूज. यात डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲलर्जीचं औषध द्यायचं, आईला फोन करायचा आणि एका मोठ्या माणसानं मुलीजवळून हलायचं नाही.

दुसरी चौकट धोक्याची. सतत खोकला, आवाज घोगरा होणं, श्वासाला घरघर, जीभ सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी, चक्कर किंवा अंग एकदम ढिलं पडणं. यातलं एकही दिसलं तरी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन आधी, बाकी सगळं नंतर. अंगावर गांधी नसली तरी धोका असू शकतो. शंका असेल तरी इंजेक्शन द्यायचंच.

यासाठी परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन असतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी औषधाची कुपी आणि सिरिंज दिली, आई आणि वर्गबाईंकडून सराव करून घेतला. कुपीत एक मिलिलिटर औषध असतं. या मुलीला त्यातलं फक्त ०.२ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हे माप तिच्या वजनाचं आहे, दुसऱ्या मुलासाठी ते चालत नाही. वजन वाढलं की कागद नवा करायचा. कुपी उजेडात आणि उन्हात ठेवायची नाही, मुदतीची तारीख दर महिन्याला पाहायची. कपाटाला कुलूपही नको, कारण गरजेच्या वेळी किल्ली सापडत नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत कुणाचा तरी वाढदिवस होता आणि चिक्की वाटली गेली. सव्वा वाजता मुलीचे ओठ खाजू लागले, मानेवर गांध्या आल्या. बाईंनी औषध दिलं, आईला फोन केला. पाच-सात मिनिटांत ती खोकू लागली, आवाज बदलला, उलटी झाली. आमच्यातली एक म्हणाली, "गोळीचा गुण यायला दहा मिनिटं तरी थांबू." चूक इथेच होते. गोळीनं खाज कमी होते, पण सुजलेला घसा आणि घसरणारा रक्तदाब तिनं सावरत नाही. बाईंनी भिंतीवरची दुसरी चौकट पाहिली आणि इंजेक्शन दिलं. आमच्यातल्या दुसरीनं १०८ ला फोन लावून गावाचं नाव, शाळा आणि "ॲलर्जीचा झटका, श्वासाचा त्रास" एवढं सांगितलं. आम्ही घड्याळात वेळ पाहून लिहून ठेवली, कारण पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायचा, असं कागदावर होतं.

श्वास लागत असल्यानं तिला पाय लांब करून बसवलं. श्वास ठीक असता तर आडवं झोपवून पाय उंच ठेवले असते, उलटी होत असताना कुशीवर. थोड्या वेळानं खोकला थांबला, ती म्हणाली, "बाई, मी बाथरूमला जाते." आम्ही उठू दिलं नाही. अशा वेळी एकदम उभं राहिलं, चाललं, की रक्तदाब आणखी घसरतो आणि जीवावर बेततं. पाणी किंवा हळदीचं दूध पाजणं, बोट घालून ओकारी काढणं, हेही नाही.

बरं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही. इंजेक्शनचा असर ओसरल्यावर त्रास पुन्हा उठू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला काही तास नजरेखाली ठेवलं. संध्याकाळी ती आईच्या मांडीवर बसून भात खात होती.

त्यानंतर कागदावर आम्ही एक ओळ वाढवली: वाढदिवसाचा खाऊ आधी बाईंच्या हातात. आणि स्वयंपाकघरासाठी दुसरी: दाणे भाजले तरी ॲलर्जी जात नाही, खलबत्ता, पळी, हात फडक्यानं पुसून भागत नाही, साबणानं धुवायचे.

तुमच्या शाळेत असं मूल असेल आणि इंजेक्शन मिळालेलं नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रिनलिन आहे का, रात्री-सुट्टीला कोण असतं आणि गाडी कुणाची, हे आजच विचारून कागदावर लिहा. त्रास सुरू झाल्यावर विचारायला वेळ उरत नाही.