सहा टोकांची मोटर

लाकडाच्या वखारीतल्या आरा मशीनला 10 अश्वशक्तीची मोटर असते. चालू असताना ती साधारण 14 अँपिअर करंट घेते, पण थेट 415 व्होल्टवर सुरू केली तर पहिले काही क्षण त्याच्या सहापट घेते. वखारीतले दिवे मंदावतात आणि पट्ट्याला हिसका बसतो. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला की लाइनमधला हा करंट एक तृतीयांशावर येतो.

मोटरमध्ये तीन वाइंडिंग असतात. स्टारमध्ये प्रत्येकाला 415 ऐवजी सुमारे 240 व्होल्ट मिळतात आणि वेग आल्यावर डेल्टात पूर्ण 415. अट एकच: नेमप्लेटवर 415 व्होल्ट डेल्टासाठी लिहिलेले हवे. 415 स्टारची मोटर डेल्टात टाकली की जळते.

वायरिंगची खरी परीक्षा टर्मिनल बॉक्समध्ये. वरच्या रांगेत यू1, व्ही1, डब्ल्यू1 आणि त्यांच्या बरोबर खाली डब्ल्यू2, यू2, व्ही2. खालचा क्रम मुद्दाम सरकवलेला आहे. उभ्या पट्ट्या लावल्या की आपोआप डेल्टा होतो. स्टार्टर वापरायचा तर या सगळ्या पट्ट्या काढायच्या. त्यातल्या दोन जरी विसरल्या, तरी स्टारचा कॉन्टॅक्टर लागताच दोन फेज एकमेकांना भिडतात.

मग सहा वायरी स्टार्टरकडे न्यायच्या. मुख्य कॉन्टॅक्टर वरच्या तिघांना वीज देतो. स्टारचा कॉन्टॅक्टर खालच्या तिघांना एकत्र बांधतो, तर डेल्टाचा कॉन्टॅक्टर यू1 च्या फेजला डब्ल्यू2, व्ही1 च्या फेजला यू2 आणि डब्ल्यू1 च्या फेजला व्ही2 जोडतो. इथे बरेचदा यू1 ला यू2, व्ही1 ला व्ही2 असे सरळ जोडले जाते. मग मोटर स्टारमध्ये छान फिरते, टायमर बदलतो आणि ती ताकद जाऊन थांबू लागते, कारण प्रत्येक वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज मिळतो. फ्यूज उडत नाही, म्हणून दोष मोटरमध्ये शोधला जातो.

स्टार आणि डेल्टा एकाच वेळी लागता कामा नयेत. त्यासाठी प्रत्येकाच्या कॉइलची वायर दुसऱ्याच्या बंद असलेल्या सहायक संपर्कातून न्यावी. टायमर मोटरच्या आवाजावर लावावा: गुणगुण चढत जाऊन स्थिर झाली, की बदल व्हावा. लवकर बदलला तर मोठा झटका पुन्हा बसतो.

स्टारमध्ये जोरही एक तृतीयांशच मिळतो. म्हणून आरा मोकळा असतानाच सुरू करावा. पात्यात लाकूड अडकलेले असेल तर मोटर नुसती घुमते.

ओव्हरलोड रिले मुख्य कॉन्टॅक्टरनंतर, वाइंडिंगच्या वायरींत बसवला असेल तर तो 14 वर लावू नये. तिथून 58 टक्केच, म्हणजे सुमारे 8 अँपिअर वाहतो. तो 14 वर ठेवलेला असेल तर मोटर तापून जळेपर्यंत रिले हलणार नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि तो जाण्याआधी रिलेवरचा आकडा स्वतः पाहा.