सोनं विकलं तर जोखीम किती घटेल?

समजा, 8 लाखांचे शेअर आणि 6 लाखांचं सोनं आहे. दोन्हींचा रोजचा चढउतार साधारण 1 टक्का, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शंभरातल्या पंच्याण्णव दिवशी तोटा 16,500 रुपयांपलीकडे जात नाही. हे एकूण ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’. सुटे आकडे मात्र 13,200 आणि 9,900. बेरीज जुळत नाही.

आणखी एक रुपया घातला, तर जोखीम शेअरमध्ये 1.32 पैशांनी वाढते, सोन्यात 0.99 पैशांनी. हा ‘मार्जिनल’ आकडा. त्याला रकमेने गुणलं की ‘कंपोनंट’ वाटे मिळतात: 10,560 आणि 5,940. आता बेरीज चोख.

पण इथेच भलेभले फसतात. सगळं सोनं विकलं तर जोखीम 5,940 नव्हे, फक्त 3,300 रुपयांनी घटते. शेअरला सावरणारा जोडीदारच गेलेला असतो.